टीबीचं हाताने भरलेलं उपचार कार्ड एक्सेलमध्ये उतरवायचंय : कोरा रकाना म्हणजे खाडा धरायचा का?

शाईपेन
मंडळी, माझ्याकडे टीबीच्या उपचार कार्डांचे स्कॅन आलेत, सगळी २०१९ ची, नावं-पत्ते आधीच झाकलेले, फक्त कार्ड नंबर दिसतो. प्रत्येक कार्डावरून दोन गोष्टी काढायच्यात. एक म्हणजे रोजचा डोस घेतला की नाही, आणि दुसरं म्हणजे बेडका तपासणीचे रिपोर्ट महिन्याप्रमाणे. सोपं वाटलं होतं, पहिल्याच कार्डावर अडकलोय.

कार्ड असं आहे. एकेका महिन्याची आडवी ओळ, तिच्यात १ ते ३१ रकाने. खाली खुणांचा अर्थ छापलाय : टिक म्हणजे समोर बसवून गोळी दिली, एन म्हणजे पेशंटने घरी घेतली, कापलेलं शून्य म्हणजे घेतली नाही. पुढच्या टप्प्यात ज्या दिवशी गोळ्या नेल्या त्या दिवशी फुली आणि जितक्या दिवसांच्या नेल्या तितक्या रकान्यांवरून आडवी रेघ.

या पेशंटचा उपचार ९ जानेवारीला सुरू झाला. जानेवारीत सगळ्या टिका, फक्त २२ आणि २३ ला कापलेलं शून्य. फेब्रुवारीत ३, १०, १७, २४ हे रकाने कोरे, बाकी टिका. ३ मार्चपण कोरा. ८ मार्चला फुली आणि रेघ ४ एप्रिलपर्यंत. मग ५ ते ८ एप्रिल काहीच नाही. ९ एप्रिलला परत फुली आणि रेघ ६ मेपर्यंत. बेडक्याच्या तक्त्यात सुरुवातीला ३+, दुसऱ्या महिन्यासमोर नुसतं "२", पुढे पाचव्या महिन्याला "नि", सहाव्याला आडवी रेघ.

तर प्रश्न असा की कोरे रकाने खाडे धरायचे का, रेघेखालचे दिवस "घेतली" धरायचे का, आणि ते "२" काय आहे?

डेटाभाऊ
जास्त विचार करू नका. टिक असेल तर १, नसेल तर ०. नोंद नाही म्हणजे झालंच नाही, ऑडिटमध्ये हाच नियम चालतो. बेरीज मारा, एकूण दिवसांनी भागा, विषय संपला.

टीपकागद
डेटाभाऊंच्या नियमाने माझी शाळेतली हजेरी मोजली तर मी अजून तिसरीत असेन.

भाबडा_वाचक
माझ्या काकांना टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांनी गेल्या आठवड्यात दोन दिवस घेतल्या नाहीत, कारण पोटात मळमळत होतं. तर आता दोन दिवसांच्या एकदम घ्यायच्या का? कार्डावर काय लिहायचं?

रजिस्टरवाली
@भाबडा_वाचक दादा, हा धागा जुन्या कार्डांच्या नोंदीचा आहे, पण तुमचं आधी. दोन दिवसांच्या गोळ्या एकत्र अजिबात द्यायच्या नाहीत. नेहमीचा डोस चालू ठेवायचा आणि जिथून गोळ्या मिळतात तिथे आजच सांगायचं की दोन दिवस चुकले आणि मळमळ होतेय. मळमळीबरोबर उलट्या, जेवण नको वाटणं, डोळे पिवळे, लघवी गडद असं काही असेल तर वाट बघत बसू नका, लगेच दाखवा, या गोळ्यांचा लिव्हरवर परिणाम होऊ शकतो. राहिलेले डोस नंतर पुढे कसे भरून काढायचे ते त्यांनाच ठरवू द्या. आणि कार्डावर जे झालं तेच लिहायला सांगा, बोलणी बसतील म्हणून टिक मारून घेऊ नका.

भाबडा_वाचक
धन्यवाद ताई. डोळे ठीक आहेत, पण आजच घेऊन जातो.

रजिस्टरवाली
आता @शाईपेन. मी बरीच वर्षं ही कार्डं भरलीत आणि दुसऱ्यांनी भरलेली तपासलीत. डेटाभाऊंचं एक आणि शून्य इथे चालणार नाही, कारण कार्डावर "घेतली नाही" साठी वेगळी खूण आहेच. ज्या माणसाला २२ जानेवारीला कापलेलं शून्य काढायचं सुचलं तो खाडा पडला तर लिहितो. मग त्याने कोरं का सोडलं हा प्रश्न राहतो, त्याचं उत्तर "खाडा" असं आपण परस्पर देऊ शकत नाही.

आधी कॅलेंडर उघडा. ३, १०, १७, २४ फेब्रुवारी २०१९ आणि ३ मार्च, पाचही रविवार आहेत.

शाईपेन
अरे हो! पण मग जानेवारीतले १३, २०, २७ पण रविवारच, आणि तिथे टिका आहेत.

रजिस्टरवाली
अक्षर बघा. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या टिका एकाच हातच्या आहेत का?

शाईपेन
झूम करून बघितलं. जानेवारीच्या टिका निळ्या, शेपटी लांब, वरच्या रेघेच्या बाहेर जाणाऱ्या. १ फेब्रुवारीपासून काळं पेन, छोट्या टिका, रकान्याच्या आतच. म्हणजे माणूस बदलला.

रजिस्टरवाली
झालं तर. केंद्र रविवारी बंद असेल तर शनिवारी रविवारची गोळी हातात द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. नियमाने तिथे एन यायला हवा. निळ्या पेनवाल्याने सोमवारी विचारून टिक मारली असेल, काळ्या पेनवाल्याने "मी बघितलं नाही तर टिक कशाला" म्हणून कोरं सोडलं असेल. खरं सांगायचं तर काळं पेन जास्त प्रामाणिक वाटतंय मला. पण हा अंदाज झाला, अंदाज नोंदीच्या कॉलममध्ये जात नाही.

कडूगोळी
मी स्वतः सहा महिने या गोळ्या खाल्ल्यात म्हणून लिहितो. माझ्या कार्डावर एकही रकाना कोरा नव्हता आणि तरी मी तीनचार वेळा गोळ्या घेतल्या नव्हत्या. ज्या बाई यायच्या त्या भल्या होत्या, पण एकदम आठवड्याच्या टिका मारायच्या, "घेतल्या ना?" "हो" झालं. लघवी केशरी होते त्या गोळ्यांनी, ते बघून कळतं खरं तर, पण रोज कोण बघणार. तर तुमच्या टिकांवरपण फार विसंबू नका.

टीपकागद
म्हणजे कोरा रकाना खाडा नाही आणि टिक म्हणजे डोस नाही. शाईपेन, तुम्ही कार्ड घडी घालून परत ठेवा.

डेटाभाऊ
@कडूगोळी बरोबर मुद्दा, आणि हे स्कॅनमध्ये सापडू शकतं. प्रत्येक ओळीत ३१ रकाने छापलेत ना, मग ३१ एप्रिल किंवा ३० फेब्रुवारीला टिक आहे का बघा. असेल तर ती ओळ दिवसाला एक अशी भरलेली नाही, एका बैठकीत सरळ ओढत नेली आहे.

रजिस्टरवाली
@डेटाभाऊ हे मात्र शंभर टक्के. ३१ एप्रिलची टिक मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तिच्याखाली सहीसुद्धा. तशी टिक दिसली तर ती गाळू नका बरं का, कच्च्या खुणेत ठेवा आणि त्या महिन्याला शंकेचा शेरा द्या. तारीख अस्तित्वात नाही म्हणून सॉफ्टवेअर ती ओळ नाकारेल आणि नेमका पुरावा तेवढा गायब होईल.

शाईपेन
या कार्डावर २९, ३०, ३१ फेब्रुवारी तिन्ही आडवे काट मारलेत, काळ्या पेनाने.

रजिस्टरवाली
काळं पेन आवडायला लागलंय मला.

चष्मेबद्दूर
मला एक कळत नाही. पाच रविवार घेतल्या की नाही हे कार्डावरूनच कळण्यासारखं आहे की. पहिल्या टप्प्याचे डोस ठरलेले असतात ना? मोजा, टप्पा कधी बदलला त्यावरून कळेल.

रजिस्टरवाली
@चष्मेबद्दूर हेच लिहायला बसले होते. रोजच्या पद्धतीत पहिला टप्पा आठ आठवडे, म्हणजे ५६ डोस, असं धरून चालणारी केंद्रं असतात. काही ठिकाणी सरळ कॅलेंडरचे दोन महिने धरतात, त्यामुळे हे सगळीकडे चालेल असं नाही. आता हे कार्ड मोजू.

९ जानेवारी ते ३१ जानेवारी २३ रकाने, त्यातले दोन खाडे, राहिले २१. फेब्रुवारीत २८ रकाने, चार कोरे, टिका २४. मार्चचे पहिले सात दिवस, एक कोरा, टिका ६. म्हणजे ७ मार्चपर्यंत एकूण दिवस ५८, टिका ५१, खाडे २, कोरे ५. आता ५१ मध्ये ते पाच कोरे मिळवा.

चष्मेबद्दूर
५६!! आणि ८ मार्चला दुसरा टप्पा सुरू. वा.

डेटाभाऊ
थांबा थांबा. ९ जानेवारीपासून कॅलेंडरचे दोन महिने ८ मार्चला पूर्ण होतात. मग ९ मार्चला टप्पा बदलला असता. एका दिवसाचाच फरक आहे, एवढ्यावरून "डोस मोजले होते" असं म्हणणं जरा ताणलेलं नाही का? त्या दिवशी शुक्रवार होता, पेशंट आला म्हणून एक दिवस आधी दिल्या असतील.

रजिस्टरवाली
शंका रास्त आहे. @शाईपेन कार्डाची मागची बाजू स्कॅन केली आहे का? शेऱ्याचा भाग तिथे असतो.

शाईपेन
मागची बाजू वेगळ्या फाइलमध्ये होती, मी उघडलीच नव्हती कारण तिथे तक्ता नाही. त्यावर काळ्या पेनाने एकच ओळ आहे : "५६ पूर्ण ७/३, वजन ४७, ३ गोळ्या चालू". बाकी दोन ओळी ओलसर होऊन पसरल्यात, वाचता येत नाहीत.

चष्मेबद्दूर
डेटाभाऊ, जेवून घ्या.

डेटाभाऊ
मान्य. केंद्राने रविवार मोजले होते हे सिद्ध. आणि दोन खाडे पण भरून काढले, नाहीतर ५६ हा आकडा ५ मार्चलाच झाला असता.

रजिस्टरवाली
हो, आणि रविवार खाडे धरले असते तर केंद्राने हा टप्पा १२-१३ मार्चपर्यंत ओढला असता. वजन ४७ ला तीन गोळ्या हेपण जुळतं, तेव्हा ४० ते ५४ किलोला एकत्रित गोळीच्या तीनच द्यायचे, म्हणजे शेरा बहुतेक याच पेशंटचा आहे, दुसऱ्याचा चुकून इथे आलेला नाही.

पण नीट ऐका, सिद्ध एवढंच झालं की केंद्राने रविवार "घेतली" असे मोजले. पेशंटने गिळली का हे कडूगोळींना विचारा. म्हणून रोजच्या नोंदीत ते पाच दिवस कोरेच राहू देत, आणि शेजारी वेगळ्या कॉलममध्ये "केंद्राच्या मोजणीत धरली, आधार : मागचा शेरा" असं लिहा. उद्या कोणाला पटलं नाही तर त्याला मूळ खूण मिळाली पाहिजे.

डेटाभाऊ
मग आकडा कसा द्यायचा? विश्लेषण करणाऱ्याला टक्केवारी लागते, कादंबरी नाही.

रजिस्टरवाली
दोन आकडे द्या. कोरे सगळे खाडे धरले तर ५८ पैकी ५१, म्हणजे ८८ टक्के. कोरे सगळे घेतले धरले तर ५८ पैकी ५६, म्हणजे ९७ टक्क्यांच्या जवळपास. टिका खऱ्या असतील तर खरं काय ते या दोनांच्या मधे कुठेतरी. समजा कोणी ९० च्या वर "नियमित" आणि खाली "अनियमित" असं ठरवलं तर हा पेशंट नुसता तुमच्या नियमावर इकडून तिकडे जातो. आधी शून्य लिहून टाकलंत तर हे कोणाला कळणारच नाही.

डेटाभाऊ
मला अजूनही वाटतं की तुलना करायची असेल तर एकच नियम हवा आणि तो कडक हवा. शंभर कार्डांत प्रत्येकाचा मागचा शेरा वाचून कोण बसणार. जिथे शेरा नाही तिथे काय?

रजिस्टरवाली
विश्लेषणात कडक नियम लावा की, माझी ना नाही. उतरवताना लावू नका. उतरवणं आणि अर्थ लावणं एकाच माणसाने एकाच वेळी केलं की घोळ होतो. शिवाय तुमचा कडक नियम प्रामाणिक केंद्राला शिक्षा करतो, जे सरसकट टिका मारतात ते १०० टक्के घेऊन पुढे जातात.

डेटाभाऊ
हम्म. शेवटच्या वाक्याला उत्तर नाही माझ्याकडे. नियमाबद्दल मत तेच आहे.

उंबरठा
रेघेचं काय झालं? ८ मार्च ते ४ एप्रिल. तो प्रश्न राहिलाच.

रजिस्टरवाली
रेघ ही गोळ्या देतानाच मारलेली असते, म्हणजे ८ मार्चलाच पुढच्या २८ दिवसांवरून पेन फिरलं. त्यामुळे रेघ सांगते की गोळ्या घरात होत्या. घेतल्या का, याबद्दल ती काहीच सांगत नाही, ते दिवस अजून उजाडलेच नव्हते. म्हणून तिला टिकेच्या बरोबरीने बसवायचं नाही, वेगळा कोड द्यायचा. रेघेवर नंतर कोणी कापलेलं शून्य काढलं असेल तर शून्य खरं, कारण ते नंतर विचारून काढलंय.

डेटाभाऊ
औषधांच्या अभ्यासात "किती दिवस पुरतील इतक्या गोळ्या हातात होत्या" हा वेगळा हिशोब असतोच. तो इथे चालेल. ८ मार्च ते ४ एप्रिल २८ दिवस, ९ एप्रिल ते ६ मे २८ दिवस, मधले ५ ते ८ एप्रिल चार दिवस गोळ्या संपलेल्या. हे चार तरी खाडे म्हणाल ना ताई?

रजिस्टरवाली
या चारांना "पुरवठा नाही" म्हणेन, आणि खाड्याच्या सगळ्यात जवळ ठेवेन.

कडूगोळी
मी सांगतो ना, माझ्याकडे नेहमी दोनचार गोळ्यांची पाकिटं उरलेली असायची, ज्या दिवशी घेतल्या नाहीत त्यातली. मग पुढच्या वेळी जायला उशीर झाला तरी चालायचं. म्हणजे खाडे रेघेखाली झाले आणि कार्डावर दिसतायत ते दिवस मी घेतलेत. सगळं उलटं.

डेटाभाऊ
हे भारी आहे. एकूण बेरीज तीच येते पण तारखा सगळ्या चुकीच्या.

रजिस्टरवाली
म्हणूनच दुसऱ्या टप्प्यात तारखेबरहुकूम खाडे शोधायच्या फंदात पडू नका. तिथे फक्त पुरवठ्याच्या तारखा, किती दिवसांच्या दिल्या, आणि मधलं अंतर, एवढंच भरवशाचं. सलग दोन महिने किंवा जास्त तुटलं तर तो उपचार सोडलेला धरतात, ते या अंतरावरूनच कळतं, त्यासाठी रोजचा रकाना लागत नाही.

लॅबमधला
उशिरा आलो. बेडक्याच्या "२" वर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, मी काचपट्ट्या बघणारा माणूस.

मायक्रोस्कोपखाली शंभर फील्ड बघून एकूण १ ते ९ जंतू दिसले तर आम्ही तो आकडाच लिहितो, त्याला स्कँटी म्हणतात. १० ते ९९ दिसले तर १+. दर फील्डला १ ते १० असतील तर २+, त्याच्या वर ३+. आता कार्डावर नुसतं "२" असेल तर दोन अर्थ होतात, शंभर फील्डमध्ये मिळून दोन जंतू किंवा २+ मधलं अधिक गाळलेलं. पहिल्यात अख्ख्या पट्टीवर दोन, दुसऱ्यात नजर टाकाल तिथे जंतू. ४ ते ९ आकडा असेल तर प्रश्न नाही, कारण ४+ नसतंच. भांडण फक्त १, २, ३ चं.

शाईपेन
सुरुवातीचा ३+ नीट अधिक चिन्हासकट आहे. म्हणजे लिहिणारा अधिक लिहितो, मग "२" म्हणजे स्कँटी असणार ना?

लॅबमधला
सुरुवातीचा रिपोर्ट निळ्या पेनाचा की काळ्या?

शाईपेन
निळ्या.

लॅबमधला
मग तो आधार गेला. दुसऱ्या महिन्याचा काळ्या पेनवाल्याने उतरवलाय, त्याची अधिक लिहायची सवय माहीत नाही. तिथे लॅब नंबरचा कॉलम असतो, तो आहे का? लॅबचं रजिस्टर मिळालं तर त्या नंबरावर मूळ निकाल सापडतो. आमच्याकडे पॉझिटिव्ह लाल शाईने लिहायची पद्धत आहे, म्हणून रजिस्टर स्कॅन करायला गेलात तर रंगीत करा, काळ्यापांढऱ्यात ते सगळं एकसारखं दिसतं.

चष्मेबद्दूर
तिसऱ्या महिन्याला परत तपासणी केली असेल तर दुसऱ्याचा पॉझिटिव्ह होता हे कळेल ना?

लॅबमधला
पॉझिटिव्ह होता हे कळेल, पण स्कँटी पण पॉझिटिव्हच धरतात, त्यामुळे २ की २+ ते तरीही कळणार नाही. इथे तर तिसऱ्या महिन्याला काहीच नाही, म्हणजे एकतर केली नाही किंवा लिहिली नाही. यावरून काहीही ठरवू नका.

शाईपेन
लॅब नंबर आहे. तीन आकडी, मधला ७ किंवा १. रजिस्टर मागवतो. तोपर्यंत काय लिहू?

लॅबमधला
कच्च्या कॉलममध्ये "2", ग्रेडच्या कॉलममध्ये "ठरलं नाही". आणि एक्सेलमध्ये टाकताना सगळा कॉलम आधी टेक्स्ट करा, स्कँटीला कोणी 1-9 असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. हे मी बघितलंय, बेडक्याच्या निकालात सप्टेंबर महिना.

टीपकागद
पेशंटला सप्टेंबर झालाय, गंभीर आहे का डॉक्टर?

रजिस्टरवाली
हसले. पण सहाव्या महिन्याची आडवी रेघ बघा, ती जास्त धोक्याची. तिला "निगेटिव्ह" कोणी लिहिलं तर निकालच बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या, म्हणजे या कार्डांच्या वेळच्या व्याख्येप्रमाणे, सुरुवातीला बेडक्यात जंतू सापडलेला पेशंट "बरा झाला" म्हणायला शेवटच्या महिन्यात निगेटिव्ह आणि त्याआधी किमान एकदा निगेटिव्ह लागायचा. इथे पाचव्याला निगेटिव्ह, सहाव्याला तपासणीच नाही, मग गोळ्या शेवटपर्यंत झाल्या असतील तर हा "उपचार पूर्ण" मध्ये जातो, "बरा" मध्ये नाही. शेवटी शेवटी पेशंटला खोकलाच राहत नाही, बेडका पडत नाही, म्हणून रेघ मारतात. चांगलंच आहे ते, पण निगेटिव्ह नव्हे.

उंबरठा
माझ्या बहिणीचं औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचं कार्ड होतं, त्यात दर महिन्याला बेडका आणि कल्चर दोन्ही असायचं. कल्चरचा निकाल यायला दीड-दोन महिने जायचे आणि तिथली मंडळी निकाल ज्या महिन्यात आला त्या महिन्यासमोर लिहायची. त्यामुळे तिसऱ्याचा निकाल पाचव्यासमोर. एकदा तर डॉक्टर म्हणाले अजून पॉझिटिव्ह कसं, आणि तो निघाला दोन महिन्यांपूर्वीच्या नमुन्याचा.

लॅबमधला
@उंबरठा अगदी. म्हणून महिन्याचा आकडा नुसता उतरवू नका, नमुना दिल्याची तारीख आणि निकालाची तारीख दोन्ही वेगळ्या घ्या, आणि महिना नमुन्याच्या तारखेवरून काढा. कल्चरमध्ये "कंटॅमिनेटेड" असेल तर तो वेगळा निकाल, निगेटिव्ह नाही.

शाईपेन
या कार्डावर दुसऱ्या महिन्याचा नमुना ९ मार्चचा आहे, म्हणजे उपचाराचा साठावा दिवस, ठीक बसतो. आत्तापर्यंतचं असं केलंय, बघा :

```
card,date,raw,status,note
C01,2019-01-22,slash0,MISSED,
C01,2019-02-02,tick,DOT,
C01,2019-02-03,,BLANK,counted by centre
C01,2019-03-20,line,SUPPLY,
C01,2019-04-06,,NOSUPPLY,

card,collected,lab_no,raw,grade
C01,2019-03-09,?,2,UNRESOLVED
```

३० फेब्रुवारीसारख्या रकान्यांना NA दिलंय.

डेटाभाऊ
NA नका देऊ. R मध्ये उघडलं की ते "माहिती नाही" होतं आणि तुमच्या कोऱ्या रकान्यांत मिसळतं. NODAY वगैरे काहीतरी द्या. आणि अशा रकान्याला तारीख देता येत नाही, म्हणून date बरोबर वर्ष, महिन्याची ओळ आणि रकान्याचा नंबर असे तीन साधे कॉलमपण ठेवा, म्हणजे ताईंची ३१ एप्रिलची टिक कुठेतरी बसेल.

रजिस्टरवाली
बघा, डेटाभाऊ कामाला आले. अजून एक, दोघांनी वेगवेगळं भरा, एकमेकांचं न बघता, मग जिथे फरक येतो तेवढेच रकाने स्कॅनवर परत बघा. बहुतेक फरक कापलेलं शून्य आणि टिक यांच्यातच निघतील, घाईत काढलेल्या शून्याचं तोंड उघडं राहिलं की ते हुबेहूब टिकेसारखं दिसतं.

शाईपेन
दुसरा माणूस शोधतो. आता दुसरं कार्ड उघडलंय. यात आठवड्याला तीनच टिका आहेत, सोमवार बुधवार शुक्रवार, बाकी सगळे कोरे. हे सगळे BLANK?

रजिस्टरवाली
नाही नाही. ही आठवड्यातून तीनदाची जुनी पद्धत दिसतेय, २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती नको म्हणून सांगितलं. २०१९ च्या कार्डावर कशी आली ते बघावं लागेल, कदाचित उपचार आधीचा असेल किंवा कार्डाचं वर्षच चुकीचं वाचलंय. वरच्या कोपऱ्यात उपचाराची पद्धत लिहिलेली असते, तिच्यात आकडा छोटा करून खाली लिहिलेला ३ दिसतोय का?

शाईपेन
तिथे स्टेपलरची पिन आहे.

टीपकागद
दुसरा धागा काढा.